एकाच रिपोर्टिंग लाइनमधील निकटचे संबंध: नोंदीचे धोरण कसे लिहावे

प्रश्न: अंधेरी पूर्वेला आमची मालवाहतूक आणि गोदामाची खासगी कंपनी आहे, साधारण १८० माणसं. एका विभागाचे मॅनेजर आणि त्यांच्याच टीममधली एक सहकारी यांचे संबंध आहेत, अशी कुजबुज आहे. संचालक म्हणतात, दोघांपैकी एकाला काढा आणि विषय संपवा. मला ते पटत नाही. मला रीतसर धोरण लिहायचं आहे, पण कोणाच्या खासगी आयुष्यात नाकही खुपसायचं नाही. शिवाय संचालकांचे मेहुणे आमच्याकडे अकाउंट्सचे प्रमुख आहेत, त्यांचं काय? नेमकी कोणती पावलं लिहू?

उत्तर: संचालकांना एकच काम करायला सांगा. ज्या व्यक्तीला काढायचे आहे तिच्या पत्राचा मसुदा त्यांनी स्वतः लिहून पाहावा. ‘आपले सहकाऱ्याशी संबंध आहेत, म्हणून आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’ हे वाक्य कागदावर उतरले की त्यातला पोकळपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोन सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे नाते हे स्वतःहून गैरवर्तन ठरत नाही. प्रश्न निर्माण होतो तो त्या दोघांपैकी एकाच्या हातात दुसऱ्याचे रेटिंग, पगारवाढ, रजा आणि शिफ्ट असते तेव्हा. तुमच्या धोरणाचा विषय नाते नसून हा अधिकार आहे, आणि ही गोष्ट मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेली असावी.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. मे २०१३ मध्ये आयगेट या कंपनीने आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले, तेव्हा जाहीर केलेले कारण असे होते की, हाताखालच्या सहकाऱ्याशी असलेले नाते त्यांनी कंपनीला कळवले नाही आणि त्यामुळे कंपनीच्या धोरणाचा व त्यांच्या सेवा-कराराचा भंग झाला. छळवणूकविरोधी धोरणाचा भंग झाल्याचे मात्र चौकशीत आढळले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये नेस्ले कंपनीने आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना दूर केले तेही थेट हाताखालच्या सहकाऱ्याशी असलेले नाते न कळवल्याच्या कारणावरूनच. म्हणजे कळवण्याचे बंधन हे एक स्वतंत्र बंधन असते, आणि ते आधी लेखी, सर्वांना माहीत असलेले असेल तरच त्याच्या भंगाबद्दल कोणाला जबाब विचारता येतो. तुमच्याकडे आज असे बंधनच नाही. त्यामुळे त्या दोघांनी आजवर कोणताही नियम मोडलेला नाही, ही गोष्ट संचालकांना स्पष्टपणे सांगायला हवी.

आता मसुद्याकडे वळू. शीर्षकात आणि मजकुरात ‘प्रेमप्रकरण’, ‘अनैतिक संबंध’, ‘जवळीक’ असले शब्द येऊ देऊ नका. ‘निकटचे वैयक्तिक संबंध’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे. त्यात काय मोडते ते मी साधारणपणे असे लिहिते: ‘विवाह, ठरलेला विवाह, एकत्र राहणे, प्रेमसंबंध किंवा शारीरिक संबंध, तसेच पालक, अपत्य, भावंडे, चुलत-मामे-आते-मावस भावंडे, काका-मामा-पुतणे-भाचे, सासरचे तत्सम नातेवाईक, आणि एकत्र घेतलेले कर्ज किंवा एकत्र चालवलेला व्यवसाय.’ कंपनी कायदा २०१३ मधली ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या उचलून इथे चिकटवण्याचा मोह अनेक कंपनी सेक्रेटरींना होतो. ती व्याख्या वेगळ्या कारणासाठी केलेली आहे. तिच्यात पती-पत्नी, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण येतात. मेहुणे, साडू, भाचे, चुलतभाऊ येत नाहीत आणि न झालेले लग्न तर येतच नाही. आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांतली निम्मी गुंतागुंत नेमकी या सुटलेल्या नात्यांत असते.

मैत्री व्याख्येत घेऊ नका. एका गावचे असणे, एकाच लोकलने येणे किंवा मरोळला चौघांनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेणे हे निकटचे वैयक्तिक संबंध नव्हेत. व्याख्या फार पसरवली की माणसे क्षुल्लक गोष्टी कळवत बसतात आणि कळवण्यासारखी गोष्ट तेवढी लपवतात.

व्याप्तीही नेमकी ठेवा. वेगवेगळ्या विभागांत काम करणाऱ्या आणि एकमेकांच्या कामावर कोणताही अधिकार नसलेल्या दोन सहकाऱ्यांनी काहीही कळवण्याची गरज नाही, हे धोरणात स्पष्ट वाक्यात लिहा. ‘रिपोर्टिंग लाइन’ म्हणजे थेट वरिष्ठ-कनिष्ठ तर झालेच, पण मध्ये एक किंवा दोन पायऱ्या असल्या तरी ती तीच लाइन असते. शिवाय ज्यांच्या सहीने दुसऱ्याचा पगार, खर्चाची बिले, हजेरी किंवा चौकशी पुढे सरकते, असे एचआर, अकाउंट्स आणि इंटर्नल ऑडिटचे लोकही त्यात येतात.

कळवायचे कोणी? माझे मत ठाम आहे: कळवण्याचे बंधन फक्त वरिष्ठावर असावे. कनिष्ठ व्यक्तीला कळवण्याची मुभा असावी, पण तिने कळवले नाही म्हणून तिच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही, असे लेखी आश्वासन असावे. दोघांवर सारखे बंधन टाकणे वरवर न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्या माणसाच्या मर्जीविरुद्ध जाऊन एचआरकडे येण्याची सक्ती तुम्ही त्याच्या हाताखालच्या व्यक्तीवर करत असता. दोघेही कंपनीचे कर्मचारी असले तरी दोघांची ताकद सारखी नसते, आणि सगळे धोरण त्यासाठीच तर लिहायचे आहे.

केव्हा कळवायचे, यावर हमखास वाद होतो. पहिल्या कॉफीनंतर की साखरपुड्यानंतर? नात्याची सुरुवात कोणत्या दिवशी झाली हे ठरवायला कंपनीने जाऊच नये. मुदत निर्णयाला बांधावी. मी वापरते ते कलम असे आहे: ‘संबंध निर्माण झाल्यावर, वरिष्ठ व्यक्तीने त्या सहकाऱ्याबाबत पुढचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी, आणि कोणत्याही परिस्थितीत १४ दिवसांच्या आत, नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला लेखी कळवावे. शंका असल्यास कळवावे. कळवल्यामुळे कोणाचेही नुकसान होणार नाही.’ शेवटचा तुकडा केवळ सौजन्याचा नाही. पुढे बदली, बढती किंवा कपातीच्या वेळी त्याच वाक्यावर बोट ठेवून कर्मचारी तुमच्याकडे येऊ शकतो, आणि त्याला तसे येता आले पाहिजे.

नोंद स्वीकारणारे दोन अधिकारी पदनामाने ठरवा, त्यांपैकी एक महिला असावी, आणि एकाचाच संबंध असेल तर दुसऱ्याकडे जाता यावे. एचआरच्या माणसांनाही प्रेमात पडण्याची मुभा असते, हे धोरण लिहिणारे बरेचदा विसरतात. अर्ज एका पानाचा असावा. त्यात दोघांची नावे, कर्मचारी क्रमांक, सध्याची रिपोर्टिंग लाइन, आणि ‘आम्ही निकटचे वैयक्तिक संबंध या व्याख्येत येतो’ एवढे एकच विधान पुरे. नाते कोणत्या प्रकारचे आहे हेही विचारू नये. पती-पत्नी, मामेभाऊ किंवा एकाच लिंगाचे जोडीदार, कंपनीने करायची व्यवस्था सगळ्यांसाठी तीच असते. एका कंपनीत मी रुजू झाले तेव्हा तिथल्या अर्जात ‘विवाहाचा विचार आहे काय?’ आणि ‘घरच्यांना कल्पना आहे काय?’ असे दोन रकाने होते. चार वर्षांत त्या अर्जावर एकही नोंद आलेली नव्हती आणि व्यवस्थापन त्याचा अर्थ आपल्याकडे असे काही घडतच नाही, असा लावत होते.

घरच्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून एक प्रसंग सांगते. त्याच कंपनीत नंतर एका मुलीची बदली झाली. बदलीच्या पत्रात कारण म्हणून ‘विभागप्रमुखांशी असलेले वैयक्तिक संबंध लक्षात घेता’ असे शब्द घातले गेले, आणि प्रशासन विभागाने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ते पत्र रजिस्टर पोस्टाने तिच्या डोंबिवलीच्या घरी पाठवले. ते वडिलांनी फोडले. मुलगा दुसऱ्या जातीतला होता, आणि पुढचे तीन आठवडे ती कामावर येऊ शकली नाही. विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांना विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ३० दिवस लागणाऱ्या नोटिशीचीही भीती का वाटते, ते मला त्या तीन आठवड्यांत समजले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात एक वाक्य असते: ‘या धोरणाखालील कोणताही पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर पाठवला जाणार नाही, तो संबंधित व्यक्तीच्या हाती दिला जाईल आणि त्यात नात्याचा उल्लेख नसेल.’ बदललेल्या रिपोर्टिंगचे पत्र ‘विभागाच्या कामकाजाच्या सोयीसाठी’ एवढेच म्हणू शकते, आणि तेवढेच म्हणावे. अर्ज कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या फाइलमध्ये न लावता वेगळ्या, कुलूपबंद नोंदवहीत क्रमांकाने ठेवावा. फाइल अकाउंट्सपासून ऑडिटरपर्यंत सगळे चाळतात.

वरिष्ठाने अर्ज दिला की सगळ्यात नाजूक पायरी येते, आणि बहुतेक धोरणांत ती नसतेच. अर्जात दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव आहे आणि तिने अजून काहीही सांगितलेले नाही. अर्ज आल्यापासून पाच कामाच्या दिवसांत नेमलेल्या अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला एकटीला, समोरासमोर, वरिष्ठाच्या गैरहजेरीत भेटावे. फोनवर नाही, ई-मेलवर नाही, आणि काचेच्या भिंतींच्या केबिनमध्ये तर नाहीच. बोलणे साधारण असे असावे: ‘तुमच्या रिपोर्टिंगबाबत एक नोंद आमच्याकडे आली आहे. तिच्यात तुमचे नाव आहे. ती वाचून दाखवते. ती बरोबर आहे का, एवढेच सांगा. बाकी काही सांगण्याची गरज नाही, आणि आज उत्तर दिलेच पाहिजे असेही नाही.’ त्यानंतर गप्प बसावे. मी अशा भेटींत घड्याळाकडे पाहायचे नाही, हे प्रयत्नाने शिकले.

बहुतेक वेळा उत्तर ‘हो, बरोबर आहे’ असे येते. पण ‘ते तसे म्हणतात, मी कधी हो म्हटलेले नाही’ असे उत्तर आले, किंवा उत्तराऐवजी डोळ्यांत पाणी आले, तर नोंदीची प्रक्रिया तिथेच थांबवा. मग हा विषय कार्यस्थळी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचा होऊ शकतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्याकडे ती असायलाच हवी. तक्रार लेखी आणि घटनेपासून (घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून) तीन महिन्यांत द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, आणि तक्रार लिहिता येत नसेल तर लिहिण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशीला ९० दिवसांची मर्यादा आहे. चौकशी सुरू असताना तक्रारदार महिलेच्या लेखी विनंतीवरून, प्रतिवादीने तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये आणि ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस समिती करू शकते. ही सगळी माहिती तिला तिथेच द्यावी; तक्रार करायची की नाही हे तिने ठरवावे. हा कायदा महिलांपुरता असला तरी तुमच्या धोरणाने पुरुष आणि इतर कर्मचाऱ्यांसाठीही तक्रारीची समांतर वाट ठेवावी.

याच कारणाने, ‘आमचे संबंध परस्परसंमतीचे आहेत’ अशी हमी दोघांकडून लिहून घेण्याची जी पद्धत काही कंपन्यांनी बाहेरून आणली आहे, तिच्या मी विरुद्ध आहे. वकील मंडळींना असा कागद हवासा वाटतो. पण आजची संमती उद्याची संमती नसते, साहेबाच्या हाताखाली असताना दिलेल्या सहीचे वजन फारसे नसते, आणि असा कागद दाखवून अंतर्गत समितीचा दरवाजा बंद करता येत नाही. उलट तो कागद आहे म्हणून एचआर निश्चिंत होते, आणि नुकसान तिथे होते.

दुसऱ्या व्यक्तीने दुजोरा दिला की खरे काम सुरू होते, ते अधिकार वेगळे करण्याचे. तात्पुरती व्यवस्था मात्र दुजोऱ्याची वाट न पाहता, अर्ज आल्यापासून दोन कामाच्या दिवसांत करावी: त्या सहकाऱ्याबाबतचे सर्व निर्णय वरिष्ठाकडून काढून घेतले जातात. कायमची व्यवस्था पंधरा दिवसांत. इथे चूक कशी होते ते एका प्रकरणावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विक्रोळीतली एक कंपनी. १४ जणांच्या टीमचे व्यवस्थापक, त्यांच्या खाली दोन टीम लीडर, आणि एका टीम लीडरच्या खाली त्या सहकारी. व्यवस्थापकांनी २४ मार्चला स्वतःहून नोंद दिली, आणि अप्रेझलचे अर्ज १० एप्रिलला बंद होणार होते. एचआरने सुचवलेला उपाय सरळ होता: मधे टीम लीडर आहेतच, त्यांचे रेटिंग अंतिम धरू, व्यवस्थापकांनी सही करू नये. कागदावर अधिकार वेगळे झाले. पण त्या टीम लीडरचे स्वतःचे रेटिंग कोण देणार होते? तेच व्यवस्थापक. साहेबांच्या जोडीदाराला तीन द्यायचे की चार, हे ठरवायला आपण अशा माणसाला बसवत होतो ज्याची पगारवाढ साहेबांच्या सहीवर अवलंबून होती. निर्णय खालच्या पायरीवर ढकलणे म्हणजे अधिकार वेगळे करणे नव्हे. तो वरच्या पायरीवर जायला हवा, किंवा त्या व्यवस्थापकांच्या छायेबाहेर असलेल्या दुसऱ्या विभागाकडे.

शेवटी असे झाले. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांनी त्या सहकाऱ्यांचे वर्षभराचे काम पाहिले: किती फाइली, किती वेळात, किती चुका. टीममधल्या समान पदावरच्या आणखी तिघांचे काम त्याच मापाने पाहिले. टीम लीडरने पाचपैकी चार रेटिंग दिले होते आणि ते टिकले. व्यवस्थापकांनी नोंद देण्यापूर्वी पगारवाढ मात्र १४ टक्के सुचवली होती आणि त्या वर्षी चार रेटिंगचा पट्टा ९ ते १२ टक्क्यांचा होता. असा अपवाद त्यांनी आधीच्या वर्षी आणखी एका कर्मचाऱ्यासाठीही केला होता, त्यामुळे त्यात पक्षपात होता की सवय, हे कोणीही खात्रीने सांगू शकले नसते. ते ठरवण्याची गरजही नव्हती. पट्ट्याप्रमाणे १२ टक्के देण्यात आले, आणि तुलनेत तीन रेटिंग मिळालेल्या सहकाऱ्याने विचारले तेव्हा त्याला आकड्यांवर बोट ठेवून उत्तर देता आले. मागचे निर्णय तपासताना ‘नाते कधीपासून आहे’ हे विचारावे लागू नये, म्हणून मी धोरणात सरसकट मागच्या १२ महिन्यांच्या निर्णयांची फेरतपासणी लिहिते. कोणावर संशय न घेता ती होऊन जाते.

त्याच प्रकरणात दुसरी चूक तीस दिवसांनी सापडली. पत्र निघाले, रिपोर्टिंग बदलले, सगळ्यांनी मान डोलावली. पण हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टिंग मॅनेजर म्हणून जुनेच नाव राहिले होते. त्या महिन्यातली दोन रजांची आणि एका टॅक्सीच्या बिलाची मंजुरी व्यवस्थापकांच्याच नावे पडली होती. त्यांनी मोबाइलवर आलेल्या इतर पंधरा मंजुऱ्यांबरोबर त्याही दाबून टाकल्या होत्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण ऑडिटमध्ये ते तसे दिसले नसते. म्हणून व्यवस्था झाल्यानंतर ३० व्या दिवशी मंजुऱ्यांची यादी काढून त्यात जुने नाव कुठे उरले आहे का ते पाहावे. रजा, शिफ्टचा तक्ता, ओव्हरटाइम, प्रवासखर्च, बढतीची समिती, शिस्तभंगाची चौकशी, नोकरकपातीची यादी आणि पगाराच्या तक्त्याचा पासवर्ड, या सगळ्या जागा धोरणाच्या परिशिष्टात नावानिशी लिहा. रेटिंगची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. विभागप्रमुख एकत्र बसून सगळ्यांची रेटिंग जुळवतात त्या बैठकीतून मात्र वरिष्ठाने त्या नावापुरते उठून बाहेर जायचे असते, याचा विसर पडतो.

बदली हा शेवटचा उपाय ठेवा. बहुतेक वेळा रिपोर्टिंग बदलून भागते आणि दोघेही आपापल्या टेबलावर राहतात. तेवढ्याने भागत नसेल, तर आधी वरिष्ठाची जागा बदलता येते का ते पाहावे. ‘कनिष्ठाची बदली सोपी’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी उच्चारतेच, आणि त्याचा प्रत्यक्ष अर्थ बहुतेक वेळा ‘मुलीची बदली’ असा होतो. तिची बदली करायचीच झाली तर तिची लेखी संमती, तोच पगार, तोच दर्जा आणि पुढच्या बढतीची तीच संधी हवी. मुंबईत आणखी एक अट घालायलाच हवी, ती प्रवासाची. बोरिवलीहून अंधेरीला येणाऱ्या माणसाला त्याच पगारावर भिवंडीच्या गोदामात पाठवणे ही कागदावर समान पदाची बदली असते; प्रत्यक्षात ती रोज वाढलेल्या प्रवासाची शिक्षा असते. एका बाजूचा प्रवास ३० मिनिटांहून अधिक वाढत असेल, तर ती बदली कर्मचाऱ्याच्या विनंतीशिवाय करू नये, असे मी आकड्यानिशी लिहिते. आकडा थोडा वेगळा असला तरी चालेल, पण तो लिहिलेला असावा.

नाते संपले तर? वर सांगितलेल्या प्रकरणात सात महिन्यांनी ते संपले. व्यवस्थापकांनी एका ओळीत कळवले, कारण विचारले गेले नाही. जुनी रिपोर्टिंग लाइन मात्र लगेच पूर्ववत केली नाही. ज्यांचे नाते नुकतेच तुटले आहे अशा दोघांपैकी एकाच्या हाती दुसऱ्याचे रेटिंग देणे हे नाते असताना देण्याइतकेच, किंबहुना अधिक धोक्याचे आहे. त्यामुळे वेगळे केलेले अधिकार नाते संपल्यानंतरही किमान १२ महिने तसेच राहतील, असे कलम हवे. त्या काळात त्या सहकारी एका बढतीसाठी उभ्या होत्या, आणि निवड समितीच्या यादीत व्यवस्थापकांचे नाव सवयीने आले होते. ते काढले गेले, कारण नोंदवही पाहण्याचे काम कोणाकडे तरी सोपवलेले होते. दर अप्रेझलपूर्वी ती एकदा उघडून पाहायची, एवढे एक काम नेमलेल्या अधिकाऱ्याच्या वार्षिक कामांत लिहून टाका.

आता तुमच्या कुजबुजीबद्दल. कुजबुजीची चौकशी करू नका. सीसीटीव्ही पाहणे, गेटचे रजिस्टर जुळवणे, इतरांना ‘तुम्हाला काय दिसले’ असे विचारणे, कोणाचे व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट स्वीकारणे, यांतले काहीही करू नये. धोरणातही ते निषिद्ध म्हणून लिहावे. कोणी निर्णयाबद्दल तक्रार केली, उदाहरणार्थ माझे रेटिंग तिच्यापेक्षा कमी का, तर तो निर्णय तपासा. रेटिंग बरोबर आहे का हे शोधायला कोण कोणाबरोबर जेवते हे माहीत असावे लागत नाही. धोरण लागू झाल्यानंतरही शंका कायम राहिली, तर वरिष्ठाला खासगीत एकच प्रश्न विचारता येतो: ‘या धोरणाखाली कळवण्यासारखे आपल्याकडे काही आहे का?’ ‘नाही’ असे उत्तर आले तर ते तारखेसह नोंदवून विषय थांबवावा. पुढे ते उत्तर खोटे ठरले, तर कारवाईचा विषय खोटे उत्तर आणि त्या काळात घेतलेले निर्णय हा असेल. उशिरा पण स्वतःहून कळवले तर लेखी समज. कळवले नाही आणि निर्णय घेत राहिले तर त्या निर्णयांची फेरतपासणी आणि वरिष्ठाच्या अधिकारपदाचा फेरविचार. विचारल्यावर खोटे सांगितले तर रीतसर शिस्तभंगाची चौकशी. अशी चढती पायरी आधीच लिहिलेली असावी.

धोरण जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांची मुदत ठेवा, आणि या काळात आलेल्या जुन्या नात्यांच्या नोंदींवर उशिराचा कोणताही ठपका ठेवला जाणार नाही, असे सांगा. तुमच्या त्या मॅनेजरना वेगळे बोलावू नका. सगळ्या विभागप्रमुखांच्या बैठकीत धोरण वाचून दाखवा, त्यात तेही असतील. गोदामातल्या लोकांसाठी आणि ड्रायव्हरांसाठी मराठी व हिंदी प्रती काढा, कारण सुपरवायझर आणि त्याचा भाचा एकाच शिफ्टला, हा प्रकार ऑफिसपेक्षा गोदामात अधिक असतो.

राहिले मेहुणे. त्यांच्याबाबत वरिष्ठ स्वतः संचालक आहेत, त्यामुळे नोंद संचालकांनी द्यायची आणि मेहुण्यांचा पगार, बोनस आणि त्यांच्या सहीने जाणाऱ्या मोठ्या रकमा यांना दुसऱ्या संचालकाची किंवा बाहेरच्या सनदी लेखापालांची मंजुरी घ्यायची. हे अवघड वाटेल, आणि तुम्ही ते संचालकांना कसे सांगणार, हा प्रश्न माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक ठाऊक आहे. पण एक व्यवहाराची गोष्ट सांगते. नोंदवहीतली पहिली नोंद त्यांची असेल, तर विभागप्रमुखांच्या बैठकीत धोरण वाचताना तेवढे सांगायला त्यांची परवानगी मागा. ‘क्रमांक एकची नोंद संचालकांची स्वतःची आहे’ हे वाक्य ऐकल्यावर ४५ दिवसांत आणखी किती अर्ज येतात, ते मला जरूर कळवा. नावे नकोत, नुसती संख्या.